टाळ्यांनंतर

आई गेल्यावर बऱ्याच दिवसांनी कामावर परतले, तेव्हा रक्ताचे नमुने घेण्याच्या खिडकीपाशी दोन नवी मुलं बसली होती. मी रजेवर गेले तेव्हा ती रुजूही झाली नव्हती. मुलगी नळीवरचं नाव आणि जन्मतारीख वॉर्डातून आलेल्या चिठ्ठीशी ताडून पाहत होती. दोन्ही जुळल्यावरच ती लेबल लावायची, सरळ उभं, यंत्राला वाचता येईल असं. मुलानं जांभळ्या टोपणाची नळी तिरकी करून पाहिली. आत गुठळी दिसताच ती बाजूला ठेवून त्यानं वॉर्डाला फोन लावला, "रक्त पुन्हा घ्यावं लागेल."

या प्रयोगशाळेची पर्यवेक्षक मी. नव्यांना तयार करणं माझं काम.

"कुणी शिकवलं?"

"सावकाशताईंनी."

म्हणजे सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या आमच्या जुन्या तंत्रज्ञ. कुणी घाई केली की म्हणतात, "सावकाश. नळीला पाय फुटलेले नाहीत." त्यावरून ते नाव पडलं. रक्ताच्या काचपट्ट्या पाहून पेशी मोजणं हे त्यांचं काम. त्या मधूनमधून उठून खिडकीपाशी येत होत्या, मुलांची चूक दाखवून परत जात होत्या, आणि उरलेल्या पट्ट्या सगळे गेल्यावर जमतील तेवढ्या संपवत होत्या. मला कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी तर नाहीच.

मला भरून आलं. शुक्रवारच्या बैठकीत केक मागवला, फुलं दिली, आणि उभी राहून म्हणाले, "या नसत्या तर आपलं काही खरं नव्हतं."

टाळ्या झाल्या. मुख्य डॉक्टर हसत म्हणाले, "मग पुढची तुकडीही यांच्याच हवाली! यांना आता इथून हलवायचं नाही बुवा."

सगळे हसले. ताईही हसल्या. केक मात्र त्यांनी तसाच ठेवला.

संध्याकाळी त्यांच्याजवळ गेले. "काही चुकलं का माझं?"

"नाही हो." त्यांनी काचपट्टी बदलली. "वरच्या मजल्यावर अस्थिमज्जा विभागात जागा निघालीय. मी अर्ज दिलाय. तुमच्या शिफारशीसाठी तुमच्या टेबलावर आहे."

"मला बोलला नाहीत?"

"तुमच्या घरी असं झालेलं. त्यात माझं कुठे काढू?" मग भिंगातून नजर न काढता म्हणाल्या, "तसंही या दोन महिन्यांत माझ्या पट्ट्या कमी भरल्यात. कागदावर मी खरोखरच सावकाश दिसते. आणि आता तर हलवायचं नाही, असं ठरलंय."

घरी गेले. भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणालं होतं, तुझ्या आईवाचून या घराचं पान हलत नसे. मी अभिमानानं मान डोलावली होती. आईला मावशीकडे महिनाभर राहायला जायचं असायचं. बॅग भरली की मी म्हणायचे, "तू गेलीस तर आमचं कसं होणार गं?" ती खूश व्हायची. बॅग माळ्यावर परत जायची.

सोमवारी डॉक्टरांकडे गेले. "सर, शुक्रवारी मी अर्धंच सांगितलं."

"आणखी केक?"

"नाही. ताईंनी शिकवलं ते स्वतःच्या कामाच्या वेळेत. त्यांच्या पट्ट्या कुणी कमी केल्या नाहीत. नवी मुलं येणार होती, रजेवर जातानाच ती सोय मी लावायला हवी होती. आकडा घसरलाय तो त्यामुळे. हे मी शिफारशीत लिहिलंय, शिकवण्याच्या तासांसकट."

त्यांनी वाचलं. "शुक्रवारी डोक्यावर घेतलंत, आज घालवून देताय? नव्यांना कोण बघणार?"

"मी. ते माझंच आहे. पुढे दुसऱ्या कुणी शिकवलं, तर त्याच्या पट्ट्या आधी कमी करायच्या, मग मुलं सोपवायची."

"तुमची तारांबळ उडेल."

"उडू दे."

त्यांनी सही केली, पण नाराजीनं.

वर जायच्या दिवशी ताई खुर्चीवरची उशी पिशवीत कोंबत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"थँक यू म्हणायचं राहिलं."

"म्हणालात की. केकही होता."

"ते नव्हे. त्या मुलाला गुठळी ओळखायला शिकवलंत, आणि त्यापायी रोज उशिरा घरी गेलात. ते काम माझं होतं. मला ते दिसलं, तेव्हा मी आधी टाळ्या वाजवल्या."

त्यांनी उशी पिशवीत नीट दाबली. मग म्हणाल्या, "त्या टाळ्या वाजल्या तेव्हा वाटलं, माझा अर्ज आता टेबलावरच राहणार."

"कळलं मला. उशिरा."

त्यांनी पिशवी उचलली. खिडकीवर नळ्यांचा नवा रॅक येऊन पडला होता, आणि नवी मुलगी माझी वाट पाहत होती. दारात ताई वळल्या.

"मॅडम, जमेल ना तुम्हाला माझ्याशिवाय?"

नाही हो, कसं जमणार, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. सवयीचे होते.

"जमेल," मी म्हटलं. "या तुम्ही."