पीठ आणि कणी

महिन्याचा पहिला रविवार आला की धर्मपाल वानखडे अकोल्याहून सकाळच्या एसटीने अमरावतीला यायचे, आणि राजापेठेतल्या लेकीच्या कॉफीच्या दुकानात शिरून कोणाशी न बोलता सरळ ग्राइंडरकडे जायचे. चाळीस वर्षं त्यांनी दर्यापूरपासून हिवरखेडपर्यंत पिठाच्या चक्क्यांच्या गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लावून धार दिली होती. आता गावोगावच्या चक्क्या बंद पडत होत्या, पायलची आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगण्यासारखं एकच काम उरलं होतं. "आमच्या पायलची कॉफी माह्या हातावर चालते," असं ते बस कंडक्टरलाही सांगत.

पायलला हे माहीत होतं, म्हणून तर ती सात महिन्यांपासून खोटं वागत होती.

ग्राइंडरच्या आत दोन पोलादी चकत्या असतात, एक फिरणारी, एक स्थिर. महिन्यातून एकदा त्या काढून साफ करायच्या आणि परत बसवायच्या. बसवताना दोघींमधलं अंतर चहूकडून सारखं हवं. एका बाजूला फट कमी, दुसरीकडे जास्त झाली की एका अंगाने धूळ पडते आणि दुसऱ्या अंगाने धोंडे. चांगल्या ग्राइंडरमधूनही थोडी धूळ पडतेच, ती कोणाला चुकली नाही. पण ती फार झाली की धुळीतून कडवटपणा उतरतो, धोंड्यांतून कच्चा आंबटपणा, आणि कपात कशालाच चव राहत नाही. दुकानात या धुळीला फाइन्स म्हणत आणि धोंड्यांना बोल्डर. धर्मपाल म्हणायचे, पीठ आणि कणी. त्यांचंच बरोबर होतं, उगाच इंग्रजी कशाला.

चकतीखाली ॲल्युमिनियमच्या कागदाचा चिटोरा सरकवून त्यांनी पहिल्या वर्षी अंतर असं जुळवलं होतं, की चिखलदऱ्याच्या कॉफीच्या बियांतली संत्र्याच्या सालीची चव पायलला त्या दिवशी पहिल्यांदा लागली. मार्करची शाई लावून चकत्या टेकवायच्या, हाताने फिरवायच्या आणि शाई कुठे पुसली ते पाहायचं, ही रीत तिने त्यांच्याकडे पाहूनच उचलली होती. ते दगडांना गेरू लावत, एवढाच फरक. बाबा मात्र पोलादावर शाई लावत नसत. अंगठा कडेवरून फिरवला की त्यांना कळायचं.

गेल्या उन्हाळ्यात पायलने त्यांच्या हातात वाफाळता कप दिला, आणि तो त्यांनी कान न धरता, बुडाला धरून निवांत ओठाशी नेला. तेव्हाच तिला कळलं. साखरेच्या आजारानं बोटं बधिर केली होती. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नाही. ते एकच्या गाडीने गेले की ती दार लोटून घ्यायची, चकत्या काढायची, शाई लावून परत जुळवायची. मधल्या वेळात कोणी गिऱ्हाईक आलंच तर सकाळी दळून डब्यात ठेवलेली भुकटी वापरायची. बाबा कॉफीच्या वाटेला जात नसत, त्यांना चहा लागायचा. त्यामुळे सगळं निभत गेलं.

त्या रविवारी शिकवणी घेणाऱ्या नईमा मॅडम साडेबारालाच आल्या. रोजच्या गिऱ्हाईक, जिभेच्या पक्क्या.

"काका, तुमचं नाव लय ऐकलं. आज तुमच्या हातची दळलेली द्या, आणि तुम्हीपण घ्या माझ्यासोबत."

धर्मपाल खुलले. पायलने गुपचूप डबा उघडला.

"हे काऊन?" ते म्हणाले. "ताजी सोडून डब्यातली? आन इकडं."

त्यांनीच बटण दाबलं. पडलेल्या भुकटीची चिमूट अंगठ्याखाली चोळली आणि मान डोलावली. "एकसारखी हाये."

पायलने कागदाच्या गाळणीत भुकटी घातली, पाणी ओतलं. तीन मिनिटांत गळायला हवं होतं. चार झाली, पाच झाली, पाणी वर तुंबलेलंच. धुळीनं कागदाची भोकं बुजली होती. नईमा मॅडम घड्याळाकडे पाहायच्या थांबल्या आणि पायलकडे पाहू लागल्या. बाईला कळलं होतं. पहिला घोट घेऊन त्या म्हणाल्या, "छान आहे हो काका." इतक्या लवकर कोणी छान म्हणत नाही.

धर्मपालांनी दोन घोट घेतले. कप खाली ठेवला. गाळणी उचलून आतल्या कागदाकडे पाहिलं. कडेला गुळगुळीत चिखल चढला होता. मग त्यांनी एक पांढरा कागद मागितला, त्यावर उरलेली कोरडी भुकटी पसरली आणि कागद हळूहळू हलवला. जाड दाणे एकीकडे घरंगळले. खाली धूळ चिकटून राहिली, तपकिरी, मैद्यासारखी.

डोळ्यांना दोन जिन्नस दिसत होते. त्यांनी अंगठा आधी धुळीत फिरवला, मग दाण्यांत. परत धुळीत. परत दाण्यांत. अंगठा एकच सांगत होता. पायलला वाटलं, तो कागद हिसकावून घ्यावा आणि फेकून द्यावा, पण तिचा हात उचलला नाही.

नईमा मॅडम कप अर्धा टाकून, क्लासची वेळ झाली म्हणत निघून गेल्या.

"कवापासून?" धर्मपालांनी विचारलं.

"सात महिने."

"मी गेल्यावर तू परत लावत होती?"

"हो, बाबा."

"अन् मी गावभर सांगून राहिलो." ते हसायला गेले, पण जमलं नाही. मग त्यांनी आपला कप तिच्याकडे सरकवला. "पी. अन् चक्कीवाल्यासारखं सांग. कशी हाये?"

"बाबा, जाऊ द्या न."

"कोण्या चक्कीवाल्यानं मले खराब पिठाले चांगलं म्हनलं नाई कधी. म्हनूनच शिकलो. सांग."

तिने घोट घेतला. कडू, आंबट, आणि मधे नुसताच गढूळपणा. "गढूळ आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

त्यांनी मान हलवली. तिच्या डोक्यावर हात ठेवला तोही चाचपत, जरा बाजूला पडला. मग खुर्ची ओढून बसले आणि तिला समोर चकत्या काढायला लावल्या. शाई लावून फिरवल्या तर ती एकाच बाजूला पुसली, दुसरीकडे तशीच काळी. तिने चिटोरा कापला, सरकवला, स्क्रू आवळले. ते बघत राहिले. एकची गाडी चुकली, दोनची मिळाली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आले नाहीत. पायल बारापर्यंत दाराकडे पाहत बसली. मग तिने एक वेडेपणा केला. छान जुळलेल्या चकत्या तिने स्वतः उघडल्या, चिटोरे काढून टाकले, वाकड्यातिकड्या बसवल्या आणि अकोल्याला फोन लावला.

"बाबा, ग्राइंडर बिघडला. दोनदा लावला, जमून नाही राहिलं. तुमी या न."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"शाई लावून पाह्यली?"

"पाह्यली."

"मंग कुठं पुसली ते तुले दिसते, माय," धर्मपाल म्हणाले. "मले कायले बोलावतं? लाव तू. तुले जमते."