उद्धवरावांच्या खणाचा फोटो

टेबलाच्या खणाचा फोटो काढायची कल्पना इंदुताईंचीच. खापर फोडायला दुसरं कुणी सापडेना, हेच पुढे त्यांना फार लागलं.

कंपनीचं ऑफिस पुण्यातल्या भाड्याच्या जागेतून पिंपरीच्या माळावर, कारखान्याला लागून बांधलेल्या नव्या इमारतीत जायचं ठरलं होतं. जावक टपाल उद्धवरावांकडे असे. इंदुताई पत्रं टाइप करून द्यायच्या. उद्धवराव ती टाचत, भोकं पाडून नकला फाइलला लावत, शिक्का मारून पाकिटं रवाना करत. आणि हे सगळं खणाकडे न बघता. मान समोर, हात खाली. डावीकडे पुढे स्टेपलर, त्यामागे क्लिपा. उजवीकडे पुढे शाईचं पॅड, त्यामागे पंच. नवा माणूस बघतच राही. म्हणे, केवढा हा सराव!

सराव कसला? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि हे ऑफिसात एकट्या इंदुताईंना ठाऊक होतं. पत्र हातात देताना त्या हळूच पुटपुटायच्या, "बार्शीचं, काका." तेवढ्यावर काम भागायचं.

"ऑपरेशन करून टाका हो," त्या अधूनमधून म्हणत.

"थोरल्या भावानं केलं. डोळाच गेला त्याचा. माझा आहे तेवढा पुरे. आणि तू आहेस की!"

हे शेवटचं वाक्य ऐकलं की इंदुताई विरघळायच्या. माणसाला आपली गरज आहे, हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

पिंपरीत उद्धवरावांना कंपनीचं क्वार्टर मिळणार होतं. दोन खोल्या, मागं न्हाणी, स्वतःचा नळ. त्यांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, खिडक्यांची मापं घेऊन पडदेसुद्धा शिवले होते. नोकरी आहे तोवर क्वार्टर, हा नियम. म्हणून हलवाहलवीत खण विस्कटला तर काय, या काळजीनं इंदुताईंची झोप उडाली. हमाल सगळं एका खोक्यात ओतणार, नव्या टेबलात कोणीतरी कसंही कोंबणार, आणि काका साहेबांच्या देखत चाचपडत बसणार.

नव्या इमारतीचे फोटो काढायला चिंचवडचे मीरासाहेब यायचे. एक दिवस ते पुण्याच्या ऑफिसात पैसे न्यायला आले, तेव्हा इंदुताईंनी त्यांना गाठलं. खण ओढून काढला आणि उजेडासाठी व्हरांड्यात नेऊन ठेवला. मीरासाहेब स्टुलावर चढले.

"बाई, लग्नाचे काढले, बारशाचे काढले. खणाचा पहिलाच. यात नवरदेव कोण म्हणायचा?"

"तो पंच. बघा की, कसा ऐसपैस बसलाय."

"मग त्याला सांगा, जरा हसा."

फोटो झकास आला. वरून काढलेला, आतल्या वस्तूंपुरता. खणाची मूठ काही त्यात आली नव्हती. स्टेपलर लांबुडका, निमुळता, पुढं तोंडाखाली पिना दुमडायची छोटी पट्टी. पंचही लोखंडाचाच, त्यालाही दाबायचा दांडा, पण बूड रुंद आणि शेजारी शेजारी दोन पाय. काळ्या क्लिपा एकमेकींत अडकून पडलेल्या, त्यांचे तारेचे कान चमकत होते. आणि पॅड म्हणजे चपटी पत्र्याची डबी, झाकण उघडं, आत शाईनं काळीकुट्ट झालेली गादी. इंदुताईंनी तो फोटो नव्या टेबलांचं काम घेतलेल्या ज्योतीराम सुताराला दिला. म्हणाल्या, "खणात पट्ट्या ठोकून चार कप्पे करा. ज्याचं त्यानं आपापल्या जागी बसावं."

आठवड्याभरात ज्योतीराम फोटो आणि फूटपट्टी घेऊन ऑफिसात हजर. नेमके साहेब तिथंच उभे. माणूस वाईट नव्हता, पण नवा होता आणि त्याला सगळ्याची उत्सुकता फार.

"हे काय? खणाचा फोटो?" ते हसले. "वा! सगळ्याच टेबलांना असे कप्पे करू. सांगा उद्धवराव, कुठला कप्पा कशाचा?"

ज्योतीराम टेबलाच्या पलीकडं उभा होता. त्यानं फोटो समोर ठेवला, तो स्वतःकडं तोंड करून. इंदुताईंच्या ते ध्यानात आलं. हात पुढं करावा, फोटो सरळ करावा, पण साहेबांची नजर त्याच फोटोवर.

उद्धवरावांनी बोट ठेवलं. डावीकडे, पुढे.

"हा स्टेपलर."

"काका, ह्यो तर पंच हाय," ज्योतीराम म्हणाला. "बूड बघा की रुंद. दोन पाय दिसत्यात."

"अरे, फोटोत दोन्ही सारखेच," साहेब म्हणाले. "मीही फसलो असतो. पुढं?"

बोट उजवीकडं सरकलं.

"हे शाईचं पॅड."

बोटाखाली क्लिपांचा ढीग होता. तारेचे कान वर काढून बसलेला. पंच आणि स्टेपलर यांत कुणाचीही गफलत होईल. क्लिपांना पॅड कोण म्हणेल? ज्योतीराम हसायला लागला, काका थट्टा करतायत असं वाटून. साहेबही हसणार होते. तिथं गप्प राहिलं असतं तर कदाचित थट्टेवर निभावलं असतं. पण इंदुताईंना राहवलं नाही.

"काका, फोटो उलटा ठेवलाय!"

"असं होय!" उद्धवरावांचा चेहरा मोकळा झाला. आणि फोटो न फिरवता, त्याकडं न बघता, साहेबांकडं तोंड करून ते धडाधड म्हणाले, "मग इथं क्लिपा, हा पंच, पलीकडं उजवीकडं स्टेपलर आणि डावीकडं पॅड."

एकही चूक नाही. पण डोळ्यांनी बघणाऱ्याला फोटो सुलटा की उलटा, काय फरक पडतो?

साहेबांचं हसू विरलं. त्यांनी खिशातलं पेन उद्धवरावांच्या डोळ्यांसमोर हलकेच हलवलं. काका तसेच बघत होते, शाबासकीची वाट पाहत.

"उद्धवराव," साहेब हळू आवाजात म्हणाले, "उद्या जरा डॉक्टरांना भेटून या."

पुढचं सगळं रीतसर झालं. डॉक्टर, कागद, मुदतीआधीची निवृत्ती, हार, नारळ. क्वार्टर दुसऱ्याला गेलं. रुक्मिणीबाईंनी ते पडदे पुण्याच्या खोलीलाच लावले. खिडकी लहान, त्यामुळे पडदे फरशीवर लोळायचे. त्या इंदुताईंना कधी वेडंवाकडं बोलल्या नाहीत. चहा मात्र पूर्वीसारखा बस म्हणून दिला नाही.

नोकरीच गेल्यावर भ्यायचं कशाला, म्हणून उद्धवरावांनी ऑपरेशन करून घेतलं. आणि ते उत्तम झालं! ही बातमी ऐकून इंदुताई आनंदल्या, आणि मग बराच वेळ टाइपरायटरसमोर नुसत्या बसून राहिल्या. रोज "बार्शीचं, काका" म्हटलं नसतं, तर काम अडलं असतं. काम अडलं असतं तर काका वेळेवर दवाखान्यात गेले असते. आणि आज याच टेबलाशी असते.

एका दुपारी ते पिंपरीला आले. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, त्यामागे भलेमोठे डोळे.

"तो फोटो आहे का गं? बघायचा राहिलाय."

इंदुताईंनी काढून दिला. सरळ करून, त्यांच्याकडं तोंड करून. ते वाकून बघत राहिले.

"पॅडच्या कडेला केवढी शाई सांडलीय! इतका घाण होता माझा खण? बोलली नाहीस कधी."

"नको तिथं मात्र बोलले," इंदुताई म्हणाल्या.

उद्धवरावांनी वर पाहिलं. मग फोटो सावकाश उलटा फिरवला, लांब धरला, जवळ धरला.

"असाच होता ना तेव्हा? अगं, असा धरला की पंच खरंच स्टेपलरसारखा दिसतो. आता चष्मा लावूनसुद्धा मी तेच म्हटलं असतं."

इंदुताईंनी वाकून पाहिलं. रुंद बूड, दोन पाय, अगदी लख्ख.

"हो काका," त्या म्हणाल्या. "दिसतो खरा."