झपाट्याचा खेळ, आणि मालक

मोतीलालभाऊंच्या छापखान्यात सुनंदाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. मेहरूणच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या बाईंनी स्वतः रचलेला ‘झपाटा’ हा पत्त्यांचा खेळ आज खेळून भाऊंना पसंत पडला, तरच उन्हाळी सुट्टीआधी छापायचा, असं भाऊंनी बजावलं होतं. नाहीतर मशीन कॅलेंडरं छापायला लागणार!

खेळ सोपा. प्रत्येकाकडे चाळीस पत्ते, चार रंग, एक ते दहा आकडे. पाळी कुणाची नाही, सगळे एकदमच खेळणार. हातातल्या गठ्ठ्यातून तीन-तीन पत्ते उलटायचे, वर आलेला पत्ता मधल्या एखाद्या ढिगावर लागत असेल तर थाडकन टाकायचा. तांबड्या तिनावर तांबडा चार. ज्याचे पत्ते आधी संपले, तो जिंकला.

घरी भाचरं खेळायची तेव्हा डाव अडकायचा. तीन-तीन उलटून तेच पत्ते पुन्हा वर येत. मग बाईंनी नियम काढला: सगळेच अडले की प्रत्येकानं गठ्ठ्यातला वरचा एक पत्ता तळाशी सारायचा. एका पत्त्यानं सगळी रांग सरकते, दबलेले पत्ते वर येतात. भाचरं नुसती तुटून पडली होती.

इथं मात्र सगळं मुसळ केरात. टेबलाभोवती भाऊ, त्यांच्या पत्नी कमलबाई, मशीनवाला झुलाल आणि बाई. दोन मिनिटांत सगळ्यांचे हात थांबले. बाईंनी पत्ता तळाशी सारायला लावला, खेळ जरा हलला, परत ठप्प.

"हे काय हो बाई, झपाटा म्हणे!" भाऊंनी घड्याळ पाहिलं.

बाईंनी टेबलावरून नजर फिरवली. नियमात चूक कुठं? मध्ये एका ढिगावर हिरवा तीन होता. आणि झुलालच्या गठ्ठ्यावर हिरवा चार, उघडा!

"अहो झुलाल, टाका की!"

"मालक बसेल शेतस ना," झुलाल भाऊंकडे चोरून बघत म्हणाला. "त्यास्ना आधी हात कसा घालू?"

बाईंनी कमलबाईंकडे पाहिलं. त्यांच्याकडेही पिवळा सात पडून होता, मधल्या पिवळ्या सहावर लागणारा. "यांच्या आधी कसं टाकणार?" त्या हळूच म्हणाल्या.

डोंबल! चूक नियमात नव्हतीच. बोललं तर भाऊ भडकणार, न बोललं तर कॅलेंडर.

"भाऊ, तुम्ही जरा उठा," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे अडकतंय."

भाऊंचा चेहरा पडला, पण ते उठले. आणि मग काय विचारता! कमलबाईंनी झुलालच्या हातावर हात आपटून पत्ता टाकला, "माझा आधी!" म्हणून ओरडल्या. झुलाल खदाखदा हसला. पुन्हा अडलं तेव्हा तिघांनी न सांगता पत्ता तळाशी सारला आणि परत सुटले. भाऊ मागून "अहो, तिकडे, तो सहा!" म्हणत होते, पण ऐकायला फुरसत कुणाला!

"छापू," शेवटी भाऊ म्हणाले. बाईंचे डोळे भरून आले.

मग भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. "आता मलाही घ्या."

झुलालनं उचललेला हात तसाच मागे घेतला. कमलबाईंनी पदर सावरला. बाईंनी भाऊंसमोर चाळीस पत्ते ठेवले आणि तिघंही, ते पहिला पत्ता कधी टाकतात, याची वाट बघत बसले.