आरडी मोडणार नाही

मुलुंडच्या एका शाळेत हेडक्लार्क असलेल्या सुनंदाची एक आरडी दर एप्रिलला सुरू व्हायची. पगार जमा झाला की पाच तारखेला खात्यातून चार हजार आपोआप वळते होत. बाराव्या महिन्यानंतर व्याजासकट एकोणपन्नास हजारांवर रक्कम हातात पडे आणि त्यात मे महिन्याची सहल होई. जेवढे पैसे, तेवढंच फिरणं.

तिचा दीर नंदकिशोर या सहलींना हसायचा. "वहिनी, यंदाही कोकणच? आम्ही बघा, बँकॉक." बँकॉक दोन लाखांच्या पर्सनल लोनवर झालं होतं. सुनंदाला त्या फोटोंतला त्याचा फुलाफुलांचा शर्टसुद्धा उसना वाटायचा.

मार्चमध्ये तो येऊन सोफ्यावर बसला. दोन हप्ते बाउन्स झाले होते.

"वीस हजार हवेत, वहिनी. तुमची आरडी मोडली तर व्याज थोडं कमी मिळेल, एवढंच."

"हप्ते किती राहिलेत?"

"हे दोन धरून सोळा."

"म्हणजे फिरून आलात मागच्या मेमध्ये, आणि फेडणार पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत." तिने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "माझी आरडी मोडणार नाही. बँकेत जाऊन बोला, हप्ता कमी करून मुदत वाढवून देतात का विचारा."

तो चहा न पिता उठला. नवरा श्यामसुंदर खाली बघत बसला होता. "घरचा माणूस आहे गं," तो नंतर पुटपुटला.

एप्रिलमध्ये आरडी पिकली. चौघांची हर्णैची खोली ठरवायला ती बसली, तेव्हा श्यामसुंदर घसा खाकरत म्हणाला, "त्यातले जरा बाजूला ठेव. मी नंदूला क्रेडिट कार्डावरून कॅश काढून दिली."

"किती?"

"वीस. वर चार्ज आणि पहिल्या दिवसापासून व्याज लावलंय त्यांनी."

सुनंदाने त्याच्याकडे पाहिलं. आजवर तिला वाटायचं, मूर्ख एकच भाऊ आहे.

"बँकॉकला गेला तो, आणि व्याज भरणार आपण?"

"रागावू नकोस ना."

"रागावत नाहीये." ते खरंच होतं. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते. "ते तू तुझ्या पगारातून भर. या पैशांना हात लागणार नाही."

तिने गार्गी आणि ओजस या दोन मुलांसाठी आणि स्वतःसाठी अशी तीनच तिकिटं काढली. मुलांनी विचारलं तेव्हा श्यामसुंदरनेच सांगितलं, की त्याला रजा नाही. ते खोटं तिने खोडलं नाही.

निघायच्या दिवशी त्याने बॅगा बसपर्यंत आणल्या आणि दाराशी उभा राहिला. "परवा शनिवारी येऊ का? एका रात्रीपुरता?"

"कार्डाचं बिल भरलंस?"

"अर्धं."

"मग उरलेलं भर," ती म्हणाली आणि मुलांच्या शेजारी खिडकीत जाऊन बसली.