काळ्या यादीतला रिकामा रकाना

आमच्या निविदा शाखेत मला चाळणी म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे; पण मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. एखाद्या कंपनीला सरकारी काम द्यायचं म्हटलं की तिचं नाव काळ्या यादीत आहे का, हे बघणं माझं काम. कुठल्याही खात्याने कुणावर बंदी घातली की त्याची नोंद या यादीत होते. निविदेचा तांत्रिक लिफाफा उघडला की एकदा यादी बघायची आणि कामाचा आदेश निघण्याच्या दिवशी पुन्हा बघायची, कारण माणूस मधल्या काळातही यादीत जाऊन बसतो.

नुसतं नाव बघून भागत नाही. नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, मालक-भागीदार आणि बंदीची मुदत चालू आहे की संपली, या पाचही गोष्टी जुळवायच्या असतात. शंका आली तर बंदी घालणाऱ्या खात्याला विचारायचं आणि त्या कंपनीलाही म्हणणं मांडायची संधी द्यायची. हे मी नव्या लोकांना घोकून घेते. मी स्वतः ते केलं नाही, त्याची ही गोष्ट.

सरकारी दवाखान्यातल्या लिफ्टच्या देखभालीचं काम होतं. तिघांनी निविदा भरल्या. दोन मोठ्या कंपन्या होत्या, कोट-बूटवाली माणसं पाठवणाऱ्या. तिसरी म्हणजे एक म्हातारा मिस्त्री आणि त्याची मुलगी, दोघांची भागीदारी. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, मुलगी कागद सांभाळायची. बावीस वर्षं हाच धंदा. फर्मचं नाव इतकं साधं की त्या नावाच्या पाट्या कुठल्याही बाजारात चार सापडतील.

लिफाफे उघडायच्या दिवशी तो आमच्या मजल्यावर आला आणि आत यायचं सोडून लिफ्टच्या दाराला कान लावून उभा राहिला.

"मॅडम, दार घासतंय तुमचं. खालचा रोलर गेलाय. अर्ध्या तासाचं काम आहे, आत्ता करून देऊ का?"

असली सलगी माझ्या डोक्यात जाते. निविदेच्या दिवशी फुकट काम करून देणारा माणूस कधी फुकट देत नसतो. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "त्याची वेगळी निविदा काढू आपण. तोवर खुर्चीत बसा."

कोटवाले हसले. म्हाताराही हसला. मुलगी हसली नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बापाला हाताला धरून बसवलं.

दुपारी मी यादी उघडली. दोन्ही मोठ्या कंपन्या स्वच्छ. तिसरं नाव टाकलं आणि समोर नोंद आली. तेच नाव, तेच शहर. पाणीपुरवठा खात्याने निकृष्ट कामासाठी तीन वर्षांची बंदी घातलेली आणि मुदत अजून चालू. नोंदणी क्रमांकाचा रकाना मात्र रिकामा होता. पत्त्याचा आणि मालकाचाही. काही खाती अशीच अर्धवट नोंद करून मोकळी होतात.

मी नियमाप्रमाणे पाणीपुरवठ्याला ई-मेल पाठवला की ही फर्म नेमकी कोणती, क्रमांक कळवा. तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं.

"चाळणीबाई," ते म्हणाले. तोंडावर म्हणणारे तेवढे एकच. "उद्या किमतीचे लिफाफे उघडायचेत. दवाखान्यातली एक लिफ्ट बंद पडलीये, रोज फोन येतायत. तो माणूस यादीत आहे की नाही?"

"नाव आहे साहेब. क्रमांक नाहीये. उत्तर येईपर्यंत..."

"असेल, नसेल असला शेरा फाईलवर चालत नाही. आहे की नाही?"

मी म्हणू शकले असते की माहीत नाही. मुलीला फोन करून कागद मागवू शकले असते. संध्याकाळपर्यंत ती धावत आली असती. पण तीन महिन्यांत माझ्या चाळणीत कुणी अडकलं नव्हतं, आणि त्या म्हाताऱ्याचा दाराला लावलेला कान मला अजून खुपत होता. मी म्हटलं, "आहे."

फाईलवर लिहिलं: यादीत नाव आढळले, सबब अपात्र. साहेब खूश झाले. "सुंठीवाचून खोकला गेला," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोघांच्याच किमती उघडल्या. म्हाताऱ्याचा लिफाफा बंदच राहिला. अपात्रतेचं कारण नियमाप्रमाणे पोर्टलवर चढलं, सगळ्या खात्यांना दिसेल असं. म्हाताऱ्याने हरकतीचा अर्ज दिला, त्यावर साहेबांनी "फाईल करा" असं लिहिलं. मी फाईल केला.

कामाचा करार झाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याचं उत्तर आलं. त्यांनी बंदी घातलेली फर्म पंप बसवणारी होती. क्रमांक वेगळा, पत्ता वेगळा, मालक वेगळा. लिफ्टवाल्यांशी काही संबंध नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ते पत्र छापून, आवक क्रमांक घालून साहेबांपुढे ठेवायला हवं होतं. पण बढतीची यादी थोड्याच महिन्यांत निघणार होती, आणि चाळणीला भोक पडलंय हे मीच कशी सांगू? लाज वाटली, नाही असं नाही. भीती जास्त वाटली. मी ते पत्र छापलं नाही. मेलमध्ये "इतर" नावाचा एक कप्पा केला आणि त्यात टाकून दिलं. पुसलं मात्र नाही. सरकारी पत्र पुसणं गुन्हा आहे, असली कामं मी करत नाही.

दोन महिन्यांनी बाप-लेक माझ्या टेबलासमोर उभे होते. मुलीच्या हातात कारणे दाखवा नोटीस होती. त्यांनी दुसऱ्या एका खात्यात निविदा भरली होती. तिथल्या अर्जात प्रश्न होता: मागच्या तीन वर्षांत कुठल्या सरकारी कार्यालयाने तुम्हाला काळ्या यादीच्या कारणाने अपात्र ठरवलं आहे का? म्हाताऱ्याने लिहिलं होतं, नाही. त्या खात्यात माझ्यासारखीच कुणीतरी चाळणी असणार. तिला पोर्टलवर आमचा शेरा सापडला.

"मी यादीत नव्हतोच ना मॅडम," म्हातारा म्हणाला. "मग चूक तुमची. ती मी माझी म्हणून कशी लिहू?"

मुलगी मध्येच बोलली, "बाबा, थांबा. मॅडम, खोटी माहिती दिली म्हणून आता खरंच बंदी घालतायत. पाणीपुरवठ्यात जाऊन आले मी. ते म्हणतात, आम्ही त्या ऑफिसला लेखी उत्तर दिलंय, प्रत तिथून घ्या, आम्ही परस्पर देत नाही. तेवढा एक कागद द्या. उत्तर द्यायला चार दिवस राहिलेत."

"माहितीचा अर्ज करा," मी म्हटलं.

"त्याला महिना लागतो."

"असं पत्र आमच्याकडे आलेलं नाही."

"आवक रजिस्टर दाखवाल?"

मी दाखवलं. स्वतः उठून कपाटातून काढलं, तिच्यापुढे उघडून ठेवलं, आणि तो सबंध महिना तिला वाचू दिला. ती एकेका ओळीवरून बोट फिरवत होती. मी माझ्या खुर्चीत बसून चहा पीत होते. नसलेली नोंद शोधणाऱ्या माणसाकडे बघत चहा पिणं सोपं नाही, पण जमतं.

बोट शेवटच्या ओळीवर थांबलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "जाऊ दे बाळा. वाटेत हरवलं असेल. मॅडम कशाला खोटं बोलतील?"

जाताना त्याने सवयीने लिफ्टच्या दाराकडे कान केला. "रोलर अजून बदलला नाही यांनी," तो मुलीला म्हणाला.

महिन्याभरात यादीत नवी नोंद आली. खोटं घोषणापत्र, दोन वर्षांची बंदी, सर्व खात्यांना लागू. या वेळी एकही रकाना रिकामा नव्हता. नोंदणी क्रमांक होता, पत्ता होता, दोन्ही भागीदारांची नावं होती. मला वाईट वाटलं. चार दिवस जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी गेलं. त्याच आठवड्यात बढतीची यादी निघाली आणि मी शाखाप्रमुख झाले.

वर्षभराने लिफ्टच्या कामाची निविदा पुन्हा निघाली. माझ्या हाताखालच्या नव्या क्लार्क मुलीने तपासणी करून आणली. "मॅडम, चारही स्वच्छ. नाव टाकून बघितलं, क्रमांक टाकून बघितला."

"आणि भागीदार?"

ते तिने बघितलं नव्हतं. मी स्वतः बसले. चौथी फर्म सहा महिन्यांपूर्वीची. नाव नवं, क्रमांक नवा, मालकीण एकटीच. तिचं नाव यादीत टाकलं आणि जुनी फर्म वर आली. मी क्लार्कला बंदीच्या आदेशाचा शेवटचा परिच्छेद वाचायला लावला: ही बंदी भागीदारांना आणि त्यांचा हिस्सा असलेल्या अन्य फर्मलाही लागू राहील.

या वेळी मी सगळं नियमाप्रमाणे केलं. तिला लेखी विचारलं, सात दिवस दिले, समक्ष बोलावलं. ती एकटीच आली.

"बंदी बाबांच्या फर्मवर होती," ती म्हणाली.

"तुम्ही भागीदार होतात. आदेशात तुमचं नाव आहे. मुदत अजून अकरा महिने बाकी आहे."

तिने परिच्छेद वाचला. दोनदा वाचला. वाद घातला नाही.

"बाबांना कामाशिवाय बसवत नाही हो," ती म्हणाली. "घरातल्या कपाटाची दारं काढतात आणि परत बसवतात. रोज तीच दारं. मला वाटलं, माझ्या नावाने का होईना, एक लिफ्ट हाताला लागेल त्यांच्या."

मी आदेशाची प्रत माझ्याकडे ओढून घेतली.

"या वेळी क्रमांक बघितला ना मॅडम?"

"सगळं बघितलंय. सगळं जुळतं."

"मागच्या वेळी जुळलं नव्हतं ना?"

माझी क्लार्क मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मागची फाईल बंद झालीये."

ती उठली, कागद पिशवीत भरले आणि जिन्याने खाली गेली. लिफ्ट सकाळपासून दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती.

"मॅडम, मला हे सापडलंच नसतं," क्लार्क म्हणाली. "तुमची चाळणी खरंच बारीक आहे."

मी संगणकावर "इतर" कप्पा उघडला. त्यात एकच पत्र होतं. ते वाचलं, कप्पा मिटला आणि फाईल पुढे ओढली. नाव, क्रमांक, पत्ता, भागीदार, मुदत, सगळं क्रमाने लिहिलं आणि खाली लिहिलं: सबब अपात्र. त्यात एक अक्षरही चूक नव्हतं.