वीस गोळ्यांचं वर्ष

शोरूमच्या काचेच्या टेबलावर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या लिमलेटच्या गोळ्यांची वाटी होती. दिपालीने तिच्यातल्या वीस गोळ्या मोजून एका ओळीत मांडल्या. समोर कल्लप्पा बसला होता, पागोटं मांडीवर ठेवून. तिसऱ्या खुर्चीत तिचा दीर शहाजी होता. गाडीचे निम्मे पैसे तो घालणार होता.

"एक गोळी म्हणजे एक हजार किलोमीटर," दिपाली म्हणाली. "आपली वस्ती ते शाळा बावीस. दिवसाच्या चार खेपा, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. शाळेचे दोनशेवीस दिवस धरले, की वर्षात वीस हजाराच्या जवळ जातं. म्हणून वीस गोळ्या."

"हां," कल्लप्पा म्हणाला. "पर गाडी थांबती कुटं, ते सांग."

तो एवढ्यासाठीच आला होता. दिपालीची जुनी व्हॅन वस्तीवरच्या सात मुलींना सोलापुरातल्या शाळेत नेत असे. सरत्या वर्षी ती अकरा दिवस निघालीच नाही. कल्लप्पाची मुलगी उत्कर्षा जूनमध्ये दहावीला जाणार होती. एसटी वस्तीवर पोहोचते तेव्हा शाळेचा पहिला तास संपलेला असतो. कल्लप्पाने पारावर सर्वांसमोर सांगितलं होतं, "पुन्हा गाडी चुकली तर पोरीला घरी बसवीन. अर्ध्या शाळंपेक्षा मेंढरं बरी." दिपालीला ठाऊक होतं, तो बोलतो तसं करतो.

शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस उरले होते. शाळेच्या व्हॅनचे कागद व्हायलाच तेवढे लागतात, म्हणून गाडी आजच ठरायला हवी होती. चार गाड्यांतून दोन उरल्या होत्या, एक पेट्रोलवरची, एक डिझेलवरची. हप्ता आणि इंधन मिळून दोन्हींचा महिन्याचा खर्च शंभर रुपयांच्या फरकाने सारखाच येत होता. निकाल लागायचा राहिला होता तो सर्व्हिसिंगवर.

"पेट्रोलची दर पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी," विक्रेता मृत्युंजय म्हणाला. "जे आधी येईल ते. एका वेळेला साधारण बत्तीसशे. डिझेलची दहा हजाराला किंवा वर्षाने. एका वेळेला साडेपाच हजार. पहिली एक हजार किलोमीटरची तपासणी दोन्हींना आहे, ती फुकट आणि तासाभराची, ती सोडून द्या."

"साडेपाच?" शहाजी म्हणाला. "मग बत्तीसशेवालीच बरी की."

"भावजी, एका वेळेचा आकडा बघू नका, वर्षाचा बघा." दिपालीने पाचवी, दहावी, पंधरावी आणि विसावी गोळी ओळीतून खाली ओढली. "पेट्रोल चारदा थांबते. बत्तीसशे चोक बारा हजार आठशे." तिने गोळ्या परत जागेवर ठेवल्या आणि फक्त दहावी आणि विसावी ओढली. "डिझेल दोनदा. अकरा हजार."

"आणि महिन्यांचं काय?" शहाजीने विचारलं.

"आपली गाडी इतकी पळते, की महिन्यांच्या आधी किलोमीटरच येतात. कमी पळणाऱ्याला महिने लागू."

शहाजी हसला. "म्हणजे महाग दिसते ती स्वस्त. आणि दोनदाच थांबायची. डिझेलच घ्यायची."

कल्लप्पा दोन गोळ्यांकडे बघत होता. "मेंढीबी दोनदाच कातरतो आमी. ह्ये बरं हाय. घे ही."

मृत्युंजयने पेन काढलं.

"थांबा," कल्लप्पा म्हणाला. "तिच्या पोटात धूळ गेली तर?"

"कसली धूळ?" मृत्युंजयने विचारलं.

"सहा किलोमीटर मुरूम हाय की. उन्हाळ्यात माझी मेंढरं खोकत्यात. ही न्हाय खोकायची?"

मृत्युंजयने एक कागद पुढे सरकवला. "आमच्या छापील पत्रकात दहा हजारच आहे."

"गाडीचं पुस्तक दाखवा," दिपाली म्हणाली. "दोन्हींचं."

पुस्तकं आली. देखभालीचा तक्ता मधल्या पानावर होता. तो तिने सोडला आणि मागची पानं उलटत गेली. डिझेलच्या पुस्तकात तिला लहान अक्षरांत एक चौकट सापडली. धुळीचा रस्ता, वारंवार थांबणं, जादा माणसं. अशा वापरात ऑईल आणि ऑईल फिल्टर दर पाच हजाराला.

तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. कल्लप्पाला वाचता येत नव्हतं. शहाजी फोनकडे बघत होता. मृत्युंजय मात्र तिच्याकडे बघत होता आणि त्याचं पेन फॉर्मवर टेकलेलं होतं. पुस्तक मिटलं असतं तर कल्लप्पा दोन थांब्यांवर खूष होऊन घरी गेला असता. पाच हजारावर गाडी वर्कशॉपला लागली, की मात्र त्याने तिला हीच गोष्ट विचारली असती. किंवा विचारलंच नसतं, सरळ पोरीला घरी बसवलं असतं.

"मामा, तुम्ही विचारलंत ते इथे लिहिलंय," ती म्हणाली आणि ओळ मोठ्याने वाचली. मग खाली ओढलेल्या दोन गोळ्यांजवळ आणखी दोन ओढल्या. "आपल्या रस्त्यावर हीसुद्धा चारदा थांबते."

कल्लप्पाने पागोटं डोक्याला बांधायला घेतलं.

"मंजी दोघी सारख्याच," तो म्हणाला. "मग मी कशाला आलो हितं?"

"नुसत्या ऑईलचे किती?" दिपालीने मृत्युंजयला विचारलं.

"चोवीसशे."

"दोनदा साडेपाच, दोनदा चोवीसशे. पंधरा हजार आठशे." तिने पेट्रोलचं पुस्तक ओढलं आणि तिथलीही चौकट शोधली. धुळीमुळे पेट्रोलची सर्व्हिसिंगही पाच हजाराऐवजी अडीच हजाराला आली असती तर दोन्ही गाड्या हातच्या गेल्या होत्या. तिने ओळ दोनदा वाचली. "धुळीत एअर फिल्टर अडीच हजाराला साफ करायचा. तो मी घरी झाडेन. सर्व्हिसिंग पाच हजारालाच. बारा हजार आठशे. तीन हजारांनी ही बरी, भावजी."

"आणि माझे दिवस?" कल्लप्पा उभा होता.

दिपालीने पुस्तक मिटलं. "मामा, अकरांतले पाच दिवस माझी चूक होती. मीटरवर सर्व्हिसिंगचा आकडा आला, की मी त्याच दिवशी गाडी न्यायची. तो शाळेचा दिवस असायचा, आणि वर्कशॉपमध्ये रांग असली की दुसराही जायचा. उरलेले सहा दिवस गाडी म्हातारी होती म्हणून गेले. पाचशे किलोमीटर आधी नेली तर चालतं. उशीर चालत नाही."

"आधी म्हंजी कवा?"

"बसा, सांगते." कल्लप्पा बसला नाही. ती उभ्याउभ्याच त्याला गोळ्या दाखवू लागली. "पाचवी गोळी ऑगस्टच्या शेवटाला येते, ती तिथल्या एका रविवारी. दहावी दिवाळीच्या सुट्टीत. पंधरावी फेब्रुवारीच्या सुरुवातीला येते आणि पुढे परीक्षा आहे. म्हणून ती थोडी आधी, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. विसावी एप्रिलमध्ये, पेपर झाल्यावर." ती मृत्युंजयकडे वळली. "रविवारी वर्कशॉप उघडं असतं का?"

"दुपारी दोनपर्यंत. नंबर आधी लावावा लागतो."

"आजच चारही लावायचे. कागदावर लिहून द्या."

मृत्युंजय आत गेला. शहाजी म्हणाला, "डिझेल दारात उभी राहिली असती तर लोकांनी बघितलं असतं की."

"लोक हप्ता भरतात का, भावजी?"

शहाजी हसला, पण कल्लप्पा हसला नाही. कागद आला तेव्हा त्याने तो उलटा धरला आणि दिपालीला परत दिला. तारखा तिने एकेक करून वाचून दाखवल्या. प्रत्येक तारखेला त्याने टेबलावरची एक गोळी उचलली आणि खिशात टाकली. चार झाल्या.

"ह्या पोरीकडं ठेवतो," तो म्हणाला. "दर वेळंला तिला एक खाऊ देईन. गोळी शिल्लक असताना गाडी शाळंच्या दिवशी चुकली, तर पुढचं तू समजून घे."

"समजले."

"मग सही कर. मला पाचची एसटी गाठायचीय."

दिपालीने पेट्रोलच्या फॉर्मवर सही केली.