मीडिया वगळलं

ताईचा फोनवरचा आवाज बसल्या जागी माणसाला कामाला लावील असा होता. शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात धाकटा भाऊ मागच्या खोलीत मशीनं उघडून बसे आणि ताई पुढच्या टेबलावर दुकानाचा फोन घेऊन. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती आली, तेव्हा धाकट्यानं काही न विचारता ती खुर्ची पुढे केली होती. ती अजून तिथंच होती. घरात स्वयंपाकघर भावजयीचं, टीव्ही भाच्यांचा, गच्ची सगळ्यांची. खुर्ची मात्र ताईची एकटीची.

आता त्या खुर्चीवरच गदा आली होती, आणि तीही अगदी गोड बोलून.

झालं असं, की मेसेजिंग ॲपवर चौकश्यांचा पाऊस पडायला लागला. दुकान किती वाजता उघडतं, घरी येता का, किती घेता, माझं मशीन झालं का. ताई एका बोटानं टाइप करणार, मध्येच चष्मा शोधणार, चहा घेणार. तोवर चौकशी करणारा दुसऱ्या दुकानात. भावजय म्हणाली, "हल्ली बॉट असतो. आपोआप उत्तरं देतो." धाकटा म्हणाला, "ताई, तू किती दिवस मान मोडत बसणार? घरी आराम कर." आराम या शब्दाची ताईला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. आराम म्हणजे भावजयीच्या ओट्याशेजारी लसूण सोलत बसणं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बॉट बनवणारी मुलगी आली ती पाठीवर बॅग आणि हातात वही घेऊन. वयानं भाचीएवढी, पण बोलणं रोखठोक. तिनं आधी एक पानभर लिहून धाकट्यासमोर ठेवलं. बॉट काय करेल, काय करणार नाही. "हे आधी ठरवू," ती म्हणाली, "नाहीतर महिन्यानं तुम्ही म्हणाल, यानं हिशेबही करावा."

"का, नाही करत?" धाकट्यानं विचारलं. तो अर्धा गंमत करत होता.

"करेल, पण त्याचे पैसे वेगळे." तिनं आकडे वाचले. बनवायचे वीस हजार, एकदाच. नंतर दर महिन्याला ज्या सेवेवर बॉट चालतो तिचं भाडं पंधराशे. देखभालीचे हजार, त्यात महिन्याला दोन छोटे बदल. ग्राहकानं आधी लिहिलं तर पुढचे चोवीस तास आपण हवं ते फुकटात लिहू शकतो. ते उलटले की फक्त आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूर जातो, आणि त्याचे दर मेसेजमागे पैसे पडतात. "आणि हा नंबर एकदा बॉटला जोडला की फोनवरचं साधं ॲप या नंबरावर बंद. सगळं बोलणं संगणकावरच्या इनबॉक्समध्ये दिसेल."

"म्हणजे फोन नकोच," धाकटा खूश होऊन म्हणाला. ताईनं फोन पदराखाली सरकवला.

बटणांवरून बरीच घासाघीस झाली. एका मेसेजखाली तीनच बटणं बसतात. मुलगी म्हणाली, एक बटण 'माणसाशी बोला' असं ठेवू. धाकट्यानं ते उडवून लावलं. "मग सगळे तेच दाबतील. बॉट कशाला घेतला मग?" शेवटी 'वेळ आणि पत्ता', 'दर', 'माझं मशीन झालं का' ही तीन ठरली. तिसऱ्यासाठी ग्राहकानं पावती क्रमांक लिहायचा आणि बॉट भावजय भरते त्या तक्त्यात बघून उत्तर देणार. मुलगी तरीही हटली नाही. "बॉटला न कळलेले मेसेज इनबॉक्समध्ये पडून राहतील. दिवसातून दोनदा कुणीतरी ते बघायलाच हवेत. हे मी लिहून ठेवतेय."

"ताई बघेल," धाकटा म्हणाला. "महिनाभर. मग बघू."

मग मुलगी तीन दुपारी ताईजवळ बसली. तिनं फोनमधल्या दोन महिन्यांच्या गप्पा संगणकावर उतरवून घेतल्या होत्या, पण नुसता मजकूर. फोटो, आवाज वगैरे घेतले तर फाइल फार फुगते, असं तिचं म्हणणं. ओळीमागून ओळ वाचत ती वहीत रेघा मारत होती आणि दहातल्या सात चौकश्या त्या तीन बटणांतच बसत होत्या. ताईला वाटलं, आपली अकरा वर्षं ही पोरगी पेन्सिलीच्या रेघांत मोजतेय. मुलीचा त्यात काही दोष नव्हता, पण म्हणून राग कमी होत नाही.

"हे काय आहे एवढं?" मुलीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "'मीडिया वगळलं', 'मीडिया वगळलं'. पानोपानी आहे. ग्राहकाचंही आणि तुमचंही."

आता, ते काय होतं ते ताईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. जुने ग्राहक, त्यातही दिवसभर मशीन चालवणारे शिंपी, तक्रार शब्दांत लिहीतच नसत. ताईनं त्यांना सवयच तशी लावली होती. "मशीन चालव आणि आवाज पाठव." ते मशीनजवळ फोन धरत, ती फोन कानाला लावी आणि बोलूनच उत्तर देई. पट्टा सैल आहे, घट्ट कर, येऊ नकोस. सुई वाकली, बदल. किंवा, लगेच बंद कर आणि घेऊन ये. धाकट्याकडे मशीन येई तेव्हा निदान झालेलं असे आणि त्याला वाटे, आपलाच हात चालतो. ताईनंही कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आली नव्हती.

आता आली होती. मुलगी पेन्सिल धरून थांबली होती.

"असतात फोटो," ताई म्हणाली. "मशीनचे."

"तुम्ही वेगळं काही विचारता का त्यांना?"

"नाही बाई. काय विचारायचंय?"

मुलीनं वहीत लिहिलं, फोटो. ताईनं उरलेला चहा संपवला.

बॉट सुरू झाला आणि खरं सांगायचं तर झकास चालला. पहिल्या आठवड्यात धाकटा येणाऱ्याजाणाऱ्याला स्क्रीन दाखवत होता. पत्ता विचारला, पत्ता गेला. दर विचारले, दर गेले. ताई खुर्चीवर बसून दोनदा इनबॉक्स बघे आणि उरलेला वेळ स्वतःच्या हातांकडे.

मंगळवारी दुपारी इनबॉक्समध्ये युनिफॉर्मवाली होती. दोन गल्ल्या पलीकडे तिचा चार मशीनांचा कारखाना होता, शाळांचे गणवेश शिवायचा. तिनं आवाज पाठवला होता, पंधरा सेकंदांचा. खाली बॉटचं उत्तर, "माफ करा, हे मला समजलं नाही. खालीलपैकी निवडा." तीन बटणं. युनिफॉर्मवालीनं परत तोच आवाज पाठवला होता. परत तेच उत्तर.

ताईनं हेडफोन लावले. तीन सेकंदांत तिला कळलं. खाली, बॉबिनभोवती फिरणाऱ्या शटलला तेल पोचत नव्हतं. सुकी, वर चढत जाणारी शीळ. असंच चालवलं तर एक-दोन दिवसांत शटल जाम होणार. "लगेच बंद कर," एवढंच लिहायचं होतं. तिनं बोटं कीबोर्डवर ठेवलीही.

मागच्या खोलीतून धाकटा कुणाला तरी सांगत होता, "ताईला पण आता सुटका मिळाली."

ताईनं बोटं उचलली. तिच्या मनात स्पष्ट, शब्दांत आलं, बघू दे याला. एकदा तरी बघू दे. युनिफॉर्मवाली काय, फोन करेल. तिनं हेडफोन काढून घडी घालावी तसे नीट ठेवले. तिला फार बरं वाटलं, आणि हे आपण लपवून उपयोग नाही.

युनिफॉर्मवालीनं फोन केला नाही. ज्या दुकानानं इतकी वर्षं दोन मिनिटांत उत्तर दिलं, ते बटणांखेरीज काही पाठवत नाही म्हणजे विशेष काही नसेल, असं तिनं धरलं. बुधवारी ताई दिवसभर इनबॉक्स उघडत होती आणि मिटत होती. गुरुवारी सकाळी तिला राहवलं नाही. "मशीन बंद ठेव," ती लिहायला गेली, तर मजकुराची चौकट करडी. चोवीस तास उलटले होते. मंजूर मजकूर एकच होता, "तुमचं मशीन तयार आहे." ताई त्या ओळीकडे बघत राहिली. फोन लावायला किंवा उठून दोन गल्ल्या चालत जायला कुणी अडवलं नव्हतं. ती उठेपर्यंत धाकट्याच्या स्वतःच्या फोनवर युनिफॉर्मवालीचा फोन आला होता. मशीन जाम, तीनशे शर्ट अडकलेले, शाळा सोमवारी उघडणार.

धाकट्यानं बॉटवाल्या मुलीला तिथल्या तिथे बोलावलं. मुलीनं इनबॉक्स बघितला, वही उघडली आणि तिचा चेहरा उतरला. "आवाजाचा विचार माझ्याकडून राहिला," ती म्हणाली. "मी ती फाइल आवाजासकट घ्यायला हवी होती. या महिन्याची देखभाल घेत नाही मी."

"महिन्याचं सोडा, बंदच करा ते," धाकटा पान्यांची पेटी उचलत म्हणाला. "आपली ताईच बरी. चल ताई, तूही ये. युनिफॉर्मवाली तुझं ऐकते."

ताईला हेच हवं होतं. पिढीजात जहागीर परत मिळावी तशी खुर्ची परत मिळाली होती. वाटेत मात्र तिला सारखी त्या मुलीची वही दिसत होती.

कारखान्यात धाकटा टेबलाखाली शिरला. आत शटल तापून निळं पडलं होतं. "नवं लागेल," तो खालून म्हणाला. युनिफॉर्मवाली हातात अर्धवट कॉलर धरून उभी होती. "ताई, दोनदा पाठवला हो मी आवाज. त्या तुमच्या यंत्राला काय कळणार, म्हणा. तुम्ही ऐकला असता तर चुटकीसरशी सांगितलं असतंत."

मान हलवली की झालं होतं. युनिफॉर्मवालीनं उत्तरही स्वतःच दिलं होतं, आयतं, गुंडाळून.

"मी ऐकला होता," ताई म्हणाली. "मंगळवारीच. मला कळलंही होतं. मी सांगितलं नाही. त्या मुलीनं विचारलं होतं तेव्हाही मी सांगितलं नाही."

टेबलाखालचा पाना थांबला.  मग धाकटा खालूनच म्हणाला, "मग बॉट बंद करू का नको?"

"नको. पत्ता, दर त्यालाच सांगू दे. आवाज आला की तो मला कळवेल, असं करायला त्या मुलीला सांग. एका बदलाचं काम आहे. आणि तिचे या महिन्याचे पैसे दे." ताई खाली वाकून म्हणाली, "त्यासाठी मी दुकानात असायला हवी का घरी, ते तू ठरव."

 पाना पुन्हा फिरायला लागला.

युनिफॉर्मवालीनं हातातली कॉलर खाली ठेवली. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. ती तशीच पलीकडच्या मशीनवर जाऊन बसली, पायानं स्टूल ताईकडे ढकललं आणि मशीन सुरू केलं.

"हे पण दोन दिवस कुरकुरतंय," ती म्हणाली. "ऐका. आणि या वेळी ऐकलंत की सांगा."